एकरी पंप किती?

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तासभर थांबलं, तर एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडतं. सोयाबीन पंधरा-वीस दिवसांचं झालेलं असतं, दोन ओळींमध्ये गवताने डोकं वर काढलेलं असतं. शेतकरी तणनाशकाची बाटली हातात घेऊन विचारतो, "किती टाकायचं?" गल्ल्यावरून उत्तर येतं, "पंपाला तीस मिली टाका, काका." काका मान डोलावतात आणि बाटली पिशवीत टाकून निघतात. त्या एकराला पंप किती लागणार आहेत, हे विचारायचं मात्र राहून जातं.

दुकानदाराने सांगितलेला आकडा चुकीचा नसतो. तो एका हिशेबातून आलेला असतो आणि तो हिशेब बाटलीवरच्या लेबलवर छापलेला असतो. सोयाबीनमध्ये सर्रास वापरलं जाणारं इमॅझेथापर १० टक्के हे तणनाशक घेऊ. त्याची शिफारस हेक्टरी १ लिटर औषध आणि ५०० ते ६०० लिटर पाणी अशी आहे. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. तेव्हा एकराला ४०० मिली औषध आणि निदान २०० लिटर पाणी झालं. पाठीवरचा पंप १५ लिटरचा धरला, तर २०० लिटर म्हणजे सव्वातेरा पंपांहून थोडं जास्त. चारशेला तेवढ्या पंपांनी भागलं की पंपाला तीस मिली येतात.

म्हणजे 'पंपाला तीस मिली' या वाक्याच्या पोटात 'एकरी तेरा-सव्वातेरा पंप' ही अट दडलेली आहे. अट पाळली गेली तर औषध पुरेपूर पडतं. एखाद्याने एकर आठ पंपांत संपवला, तर त्याच्या एकरात आठ तीसं चोवीस, म्हणजे २४० मिलीच पडले. चारशेच्या जागी दोनशे चाळीस. गवत पिवळं पडतं, आठ-दहा दिवस दबून राहतं आणि पुढच्या पावसाला पुन्हा हिरवं होतं. मग दोष कंपनीला दिला जातो किंवा दुकानदाराला. पुढच्या वर्षी तोच शेतकरी पंपाला पन्नास मिली टाकायला लागतो. तोवर त्याने नोझल बदललेलं असेल किंवा फवारणीला दुसरा गडी आलेला असेल, तर या खेपेला पीकही करपतं.

आता आठ पंपांत एकर संपवणारा माणूस काही कामचुकार नसतो. एकरी किती पाणी पडेल हे टाकीच्या आकारावर ठरत नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर: नोझलमधून मिनिटाला किती पाणी निघतं, एका फेरीत किती रुंदीचा पट्टा भिजतो आणि फवारणारा किती वेगाने चालतो. टाकी फक्त पाणी वाहून नेते. पंधराची असो, सोळाची असो की वीसची, तीच नोझल लावून त्याच चालीने चाललं तर एकरात तेवढंच पाणी पडणार, फक्त ती भरण्याच्या खेपा कमी-जास्त होतील.

यातला चालण्याचा भाग किती मोठा आहे, हे एका गुंठ्यावर मांडून बघितलं की लगेच कळतं. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सोयाबीनच्या ओळी दीड फुटावर असतील आणि माणूस एका फेरीत दोन ओळी घेत असेल, तर त्याचा पट्टा ३ फुटांचा झाला. एका गुंठ्यात असे ११ पट्टे बसतात. अकरा वेळा ३३ फूट म्हणजे ३६३ फूट चाल, आणि एकराला त्याच्या चाळीसपट, म्हणजे जवळपास साडेचार किलोमीटर. पाठीवर भरलेला पंप वीसेक किलोचा असतो, खाली काळ्या रानाचा चिखल असतो आणि प्रत्येक पाऊल दोन ओळींच्या मधे टाकायचं असतं.

२०० लिटरच्या हिशेबाने एका गुंठ्याला ५ लिटर पाणी पडायला हवं. नोझलमधून मिनिटाला ८०० मिली पाणी निघत असेल, तर ५ लिटर पडायला सव्वासहा मिनिटं लागतात. अकरा पट्ट्यांत वाटली तर ३३ फुटांच्या एका फेरीला ३४ सेकंद येतात. मोकळ्या वाटेने सावकाश चालणारा माणूसही तेवढं अंतर बारा-तेरा सेकंदांत काटतो. चिखलातून, पाठीवर ओझं घेऊन वीस सेकंद लागतात असं धरू. चौतीस सेकंद मात्र कुणीच लावत नाही. इतकं हळू चालणं माणसाच्या पायांच्या स्वभावातच नाही. म्हणजे बारीक छिद्राचं नोझल घेऊन नेहमीच्या चालीने निघालेल्या माणसाच्या हातून एकरी २०० लिटर पडूच शकत नाहीत, मग तो कितीही प्रामाणिकपणे काम करत असो. आठ पंपांत एकर संपतो त्याचं खरं कारण हे आहे.

म्हणून पंपांची संख्या कुणाला विचारून मिळत नाही. ती आपल्याच रानात मोजावी लागते आणि मोजायला अर्धा-पाऊण तास पुरतो. लागतं काय, तर ३३ फुटांची दोरी, चार खुंट्या, लिटरचं माप, फोनमधलं घड्याळ आणि साधं पाणी. औषध या वेळी टाकायचं नाही.

औसा तालुक्यातला एक शेतकरी डोळ्यांसमोर धरू. त्याच्या सातबाऱ्यावर गटाचं क्षेत्र ०.९१ हेक्टर आहे. सातबारा हेक्टर आणि आर या मापात असतो, आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. त्यामुळे ०.९१ हेक्टर म्हणजे ९१ आर, म्हणजेच ९० गुंठे, सव्वादोन एकर. इथे एक गोष्ट आधीच बघून घ्यावी. विहिरीभोवतीची जागा, नाल्याकडची पड, रुंद धुरे हे सगळं सातबाऱ्यातल्या क्षेत्रात असतं, पण त्यावर फवारणी होत नाही. औषध खरेदी करताना पेरलेलं क्षेत्रच धरायचं. आपल्या उदाहरणात सगळे ९० गुंठे पेरलेले आहेत असं मानू.

रानाच्या मधल्या भागात, जिथे पीक सारखं आहे, तिथे तो एक गुंठा खुंट्या ठोकून आखतो. पंप सपाट जागेवर ठेवतो, ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरतो आणि रोज फवारतो तसाच त्या गुंठ्यात फवारत जातो. ओळीच्या टोकाला वळताना खटका सोडतो, नवी फेरी सुरू झाली की दाबतो. अकरा फेऱ्या झाल्या की पंप पुन्हा त्याच जागी, त्याच बाजूने ठेवतो आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत आधीच्या खुणेपर्यंत आणतो. मापाने जेवढं ओतलं, तेवढं त्या गुंठ्यात पडलं. पहिल्या खेपेला आकडा येतो जेमतेम ३ लिटर. चाळीसने गुणलं की एकरी १२० लिटर, म्हणजे पंधराचे आठ पंप.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे पाणी आहे तेवढंच ठेवायचं आणि औषध वाढवायचं. चारशेला आठाने भागून पंपाला पन्नास मिली. एकरी औषध त्यात बरोबर पडतं, गणितात खोट नाही. पण लेबलने सांगितलेल्या पाण्यापेक्षा हे पाणी बरंच कमी आहे, त्यामुळे पंपातलं द्रावण दीडपटीहून अधिक तीव्र होतं. फेऱ्या जिथे एकमेकींवर येतात आणि गडी जिथे क्षणभर थबकतो, तिथे त्याचा परिणाम पिकाच्या पानांवर दिसतो. फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारा प्रत्येक थेंबही तेवढाच कडक होतो. थेंब मोजके असल्यामुळे पिकाच्या आडोशाला दडलेलं बारीक तण कोरडं राहतं, हे वेगळंच.

दुसरी वाट नोझल आणि चाल दुरुस्त करायची. ती आधी धरावी, असं या विषयात काम केलेली माणसं सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. आपल्या शेतकऱ्याच्या पंपावर कीटकनाशकासाठीचं गोल फवारा देणारं नोझल, ज्याला हॉलो कोन म्हणतात, तेच लावलेलं होतं. तणनाशकाला सपाट पट्टा पाडणारं फ्लॅट फॅन नोझल लागतं. तो ते बसवतो आणि मिनिटभर बादलीत फवारून पाणी मोजतो. ते १२०० मिली भरतं. दांडी जमिनीपासून दीड फूट उंचीवर धरतो. डावीकडे-उजवीकडे हलवत नाही, सरळ धरून चालतो, कारण हलती दांडी पट्ट्याच्या कडांना दुप्पट पाणी देते आणि मधे भेगा सोडते. चाल थोडी कमी करतो. ३३ फुटांना आता बावीस सेकंद लागतात, आणि एवढी चाल दिवसभर टिकवता येते.

पुन्हा गुंठा फवारतो, पुन्हा मापाने पाणी ओततो. या खेपेला ४.८ लिटर भरतात. चाळीसने गुणून १९२ लिटर. दोनशेच्या अगदी जवळ आला, एवढं पुरे. १९२ ला पंधराने भागलं की एकरी १२.८ पंप. ४०० मिलीला १२.८ ने भागलं की पंपाला ३१ मिलीहून किंचित जास्त. दुकानात सांगितलेले तीस मिली आता खरे ठरायला आले. औषध तेच, पंप तोच, माणूसही तोच. बदललं ते एक नोझल आणि पावलांचा वेग.

अकरावी फेरी कुठे संपते हे बघण्याऐवजी काहीजण उलट रीत वापरतात. पंप पूर्ण भरतात आणि तो रिकामा होईपर्यंत किती गुंठे झाले ते मोजतात. १५ लिटरचा पंप ३ गुंठ्यांना पुरला, तर एकरी २०० लिटर. ४ गुंठ्यांना पुरला तर १५० लिटर, म्हणजे दहा पंप. ५ गुंठ्यांना पुरला तर १२० लिटर, म्हणजे आठच. ही रीत प्रत्यक्ष फवारणी चालू असतानाही कामी येते. धुऱ्यावर तीन-तीन गुंठ्यांच्या अंतराने काठ्या रोवून ठेवल्या, की पंप कुठे संपतो यावरून चाल वाढली की मंदावली हे जागच्या जागी समजतं. दुपारनंतर पंप काठीच्या पुढे जाऊन संपू लागला, तर एक तर गडी घाईत आहे किंवा बॅटरी उतरली आहे.

बॅटरीचं हे बारकाईने बघण्यासारखं आहे. हाताच्या पंपात दांडा किती वेळा मारला यावर दाब ठरतो. एका लयीत दांडा मारणाऱ्या माणसाचं नोझल बऱ्यापैकी सारखं पाणी देतं. बॅटरी पंपाला लय सांभाळायची गरज नसते, म्हणून तो सोपा वाटतो. पण चार्जिंग संपत आलं की काही पंपांची मोटर मंदावते. फवारा दिसायला चालूच असतो, त्याचा पंखा मात्र अरुंद होतो आणि थेंब जाड पडू लागतात. कानाला मोटरचा आवाज बदललेला कळतो, डोळ्यांना फवाऱ्यातला फरक सहसा कळत नाही. सकाळी पहिल्या पंपाला आणि मग दर चार-पाच पंपांनंतर लिटरचं माप भरायला किती सेकंद लागतात हे पाहिलं, की संशय राहत नाही. १२०० मिलीच्या नोझलला लिटर भरायला पन्नास सेकंद लागतात. ते साठ-सत्तरवर गेले की बॅटरी बदलायची किंवा काम थांबवायचं. पंपाच्या बुडाशी दाब कमी-जास्त करायची कळ असेल, तर मोजणीच्या वेळी ती जिथे होती तिथेच दिवसभर ठेवायची.

नोझलची चूक नेमकी उलट्या दिशेने होते. भुकटीची औषधं आणि विहिरीच्या पाण्यातली बारीक रेती यांनी छिद्र हळूहळू मोठं होत जातं आणि मिनिटाला पडणारं पाणी वाढतं. नव्या नोझलपेक्षा जुनं दहा टक्क्यांहून जास्त पाणी देऊ लागलं, की ते फेकून द्यावं असा सर्वमान्य संकेत आहे. नव्या नोझलची किंमत एका पंपातल्या औषधाच्या आसपास असते, तेव्हा इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. नोझल तुंबलं तर तारेने टोकरायचं नाही, त्याने छिद्राचा आकारच बिघडतो. तोंडाने फुंकर तर अजिबात मारायची नाही. जुना दात घासायचा ब्रश आणि पाणी पुरतं.

दोनशे लिटरच्या प्लॅस्टिक ड्रमवर ज्यांचं काम चालतं, त्यांना ही चूक झाकता येत नाही. ते एका एकराचं औषध ड्रममध्येच मिसळतात आणि तिथून पंप भरत राहतात. दहा पंपांत एकर संपला, तर ड्रममध्ये ५० लिटर द्रावण डोळ्यांसमोर उरलेलं असतं आणि त्यात एकराच्या औषधाचा चौथा हिस्सा, १०० मिली. पंपागणिक औषध टाकणाऱ्याचेही तेवढेच कमी पडतात, फक्त ते बाटलीत राहतात आणि औषध वाचलं असं वाटतं.

मजुरीचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपामागे ठरते, काही ठिकाणी एकरामागे. पंपामागे पैसे मिळत असतील, तर पंप लवकर रिकामा करण्याकडे कल राहतो. मोठ्या छिद्राचं नोझल, जोराचा दाब, आणि औषध पानांवरून ओघळून मातीत. एकरामागे ठरले असतील, तर कमी पंपांत एकर उरकण्याकडे. यात मजुराला दोष देता येत नाही. बावीस सेकंदांच्या चालीने एका एकराला नुसतं फवारायलाच दोन तास चाळीस मिनिटं लागतात, वर तेरा वेळा पंप भरायचा. एवढं काम मागायचं असेल, तर एकरी तेरा पंप हे आधी बोलून, तेवढ्या वेळाची मजुरी धरूनच ठरवायला हवं.

आतापर्यंतचा हिशेब तणनाशकाचा झाला. तिथे जमिनीचं क्षेत्र पक्कं असतं, म्हणून एकरी मात्रा हाच आधार. कीटकनाशकात पीक वाढत जातं आणि त्याबरोबर पंपही वाढतात. सोयाबीनवरच्या अळ्यांसाठी क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे औषध हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली सांगितलं जातं. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यात हेच '१० लिटर पाण्यात ३ मिली' असं लिहिलेलं असतं. १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली झाले. दोन्ही आकडे जुळतात, पण पुन्हा एकरी २०० लिटर पाणी पडलं तरच. फुलोऱ्यातल्या दाट सोयाबीनमध्ये तेवढं पाणी लागतंच, कारण अळी पानाच्या खाली असते. पाणी खालपर्यंत पोहोचलं की नाही हे तपासायची साधी रीत आहे. मोजणीच्या वेळी साध्या पाण्यात थोडी नीळ मिसळावी आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या शेंड्याच्या, मधल्या आणि बुडाच्या पानांना, काही वरच्या तर काही खालच्या बाजूने टाचणीने लावाव्यात. फवारून झाल्यावर कागदावर सुटे-सुटे निळे ठिपके हवेत. बुडाचा कागद कोरा निघाला तर पाणी कमी पडतंय. वरच्या कागदावर ठिपके एकमेकांत मिसळून ओघळ आले असतील, तर जास्त.

याच सल्ल्यांमध्ये बऱ्याचदा एक ओळ असते: ही मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर स्प्रेसाठी ती तिप्पट करावी. या ओळीने पुष्कळ घोटाळा केला आहे. इथे पॉवर स्प्रे म्हणजे पाठीवरचा पेट्रोल इंजिनाचा, जोराच्या वाऱ्याने बारीक तुषार फेकणारा पंप. त्याला एकरी पाणीच साधारण तिसरा हिस्सा लागतं, म्हणून प्रत्येक लिटरमागे औषध तिप्पट. एकरी औषध तेवढंच राहतं. बॅटरीवर चालणारा पंप या अर्थाने पॉवर स्प्रे नव्हे. त्याचं नोझल, त्याचं पाणी हाताच्या पंपासारखंच असतं, फक्त दांडा मारायचे कष्ट वाचतात. बॅटरी पंपात तिप्पट औषध घालून तेरा पंप मारले, तर एकरात औषधही तिप्पट गेलं. आपला पंप कुठल्या गटात बसतो हे त्याच्या नावावरून ठरवू नये. एका गुंठ्यात किती पाणी पडतं त्यावरूनच ठरवावं.

जास्त तीव्र द्रावणाची किंमत काय असते, ते २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने सोसलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. त्याची कारणं अनेक होती: डोक्याच्या वर गेलेली दाट कपाशी, औषधांची मनाने केलेली मिश्रणं, हातमोजे आणि मास्कचा अभाव, जोराने बारीक तुषार उडवणारे पंप. आपण फवारलेल्या तुषारांतूनच पुढे चालत जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पंपातलं द्रावण पडतंच, आणि ते किती कडक आहे हे पंप भरताना ठरलेलं असतं. पाणी अर्धं करून औषध दुप्पट घालण्यात म्हणूनच केवळ पिकाचा धोका नाही.

आपल्या औशाच्या शेतकऱ्याकडे परत येऊ, कारण त्याचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. ९० गुंठ्यांना गुंठ्यामागे ४.८ लिटरप्रमाणे ४३२ लिटर पाणी लागणार. औषध सव्वादोन एकराला ९०० मिली. १५ लिटरचे २८ पंप भरले की ४२० लिटर होतात, वर उरतात १२ लिटर. प्रत्येक पंपाला ३१.२५ मिली म्हणजे २८ पंपांत ८७५ मिली गेले, आणि शेवटच्या १२ लिटरला राहिलेले २५ मिली. एकतिसाव्या मिलीच्या पुढचा पाव मिली रानात मोजता येत नाही, त्याची चिंताही करू नये. पण बाटलीच्या झाकणाने अंदाजे टाकणं सोडून मिलीच्या खुणा असलेलं माप जरूर घ्यावं, झाकणं सारख्या आकाराची नसतात. पंपाच्या टाकीवरच्या खुणाही एकदा लिटरच्या मापाने पडताळून घ्याव्यात. सोळा लिटरचा म्हणून घेतलेला पंप असेल, तर एकरी १२ पंप येतात आणि पंपाला ३३ मिली.

शेवटचा अर्धामुर्धा पंप हीच नेहमी चुकणारी जागा. सवयीने तो पूर्ण भरला जातो, पूर्ण औषध टाकलं जातं, आणि रान संपल्यावर टाकीत तीन-चार लिटर राहतात. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतणं हा गुन्हा समजावा. पण तेच पुन्हा फवारलेल्या ओळींवर मारणंही बरं नाही. तिथे मात्रा दुप्पट होते, आणि इमॅझेथापरचा अंश जमिनीत बराच काळ राहत असल्याने पुढच्या हंगामातल्या नाजूक पिकाला तो बाधू शकतो. म्हणून पंचविसावा-सव्विसावा पंप संपला की थांबून, राहिलेले गुंठे दोरीने किंवा ओळी मोजून पाहावेत आणि शेवटच्या भरणीचं पाणी व औषध तेवढ्याच गुंठ्यांचं घ्यावं. दहा गुंठे राहिले असतील तर ४८ लिटर पाणी आणि १०० मिली औषध: तीन पूर्ण पंप आणि ३ लिटरची एक छोटी भरणी.

फवारणीनंतर रान स्वतःच हिशेब दाखवतं, पण ते वाचायला दहा-बारा दिवस लागतात. हिरव्या गवताचे सरळ, अरुंद पट्टे राहिले असतील, तर दोन फेऱ्यांच्या मधे जागा सुटली आहे. सगळीकडे गवत पिवळं होऊन पुन्हा सावरत असेल, तर एकरी औषध कमी पडलं किंवा गवत चार पानांच्या पुढे गेल्यावर फवारणी झाली. धुऱ्यालगत, ओळींच्या टोकांशी सोयाबीन पिवळं पडलं असेल, तर वळताना खटका सोडला गेला नव्हता. पांढऱ्या रंगाने टाकीच्या बुडावर '१९२ लिटर, ३१ मिली' असं लिहून ठेवलं, तरी तो आकडा त्या माणसाचा, त्या नोझलचा आणि वीस दिवसांच्या सोयाबीनचा आहे. ऑगस्टमध्ये अळीची फवारणी करायला भाऊ उभा राहिला, की गुंठा पुन्हा आखायचा.